डब्यातले आणि ताजे वॉटर चेस्टनट

"ताजे कसे सोलायचे? आणि शिजवल्यावर मऊ पडतात का?"

मऊ पडत नाहीत. आपला शिंगाडा उकडला की पिठूळ होतो. हा मात्र चिनी पाणगवताचा कंद, याच्या पेशी शिजूनही एकमेकींना घट्ट धरून राहतात. चिखल जाईपर्यंत चोळून धुवा, वरचा कोंब आणि खालचं बूड सपाट कापा, मग कडेची साल सुरीने पट्ट्या काढत सोला. सोललेला लगेच गार पाण्यात टाका, नाहीतर काळपट पडतो. आत पिवळा, मऊ डाग दिसला तर तो कंद सरळ फेकून द्या.

डब्यातले आधीच शिजलेले असतात. पत्र्याची चव घालवायला उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून निथळा आणि भाजी परतताना अगदी शेवटी घाला. ताज्याचा गोडवा मात्र त्यात नाहीच.