स्त्री-पुरुष मजुरी: इंटरॅक्शन टर्म टाकली आणि तफावत गेली?

नांदेडची विद्यार्थिनी: सरावासाठी मिळालेल्या बनवलेल्या आकड्यांवर मजुरीचं रिग्रेशन चालवलं. नुसतं `female` होतं तेव्हा −0.28, स्पष्ट सिग्निफिकंट. मग ते शिक्षणाच्या वर्षांशी गुणून टाकलं:

```
ln(wage) = 4.90 + 0.06*educ - 0.60*female + 0.03*female*educ
se(female) = 0.35    se(female*educ) = 0.035
```

`female` आता सिग्निफिकंट नाही. मग तफावत शिक्षणामुळेच होती, असं लिहू का?

बालाघाटी: बिनधास्त लिहा. शिक्षणाच्या एका वर्षाचे पुरुषाला 6 टक्के मिळतात, बाईला 9. पोरी शिकवा, प्रश्न मिटला.

जुना मास्तर: 6 आणि 9 बरोबर वाचलेत, पुढची घाई नडली. −0.60 हे अंतर शाळेची पायरी न चढलेल्या बाई-पुरुषांमधलं आहे. तशी माणसं फाइलमध्ये थोडी, म्हणून तो आकडा डळमळतो. ताई, `educ` च्या जागी `educ-10` घालून बघा.

नांदेडची विद्यार्थिनी: `female` −0.30 आलं, स्टँडर्ड एरर 0.05. 0.03 मात्र तसंच आहे.

जुना मास्तर: तेच. दहावी झालेल्या बाईला तेवढ्याच शिकलेल्या पुरुषापेक्षा साधारण 26 टक्के कमी मिळतात. तफावत जागेवर आहे, तुम्ही फक्त ती शून्याच्या टोकाला जाऊन मोजत होता. आणि बालाघाटी, 0.03 ला 0.035 चा एरर आहे. खरा फरक −0.04 पासून 0.10 पर्यंत कुठेही असू शकतो. बाईला शिक्षण जास्त फळतं, हे या फाइलवरून म्हणता येत नाही.

केजची लेक: माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल वडिलांच्या नावावर. आईची मजुरी तुम्ही कुठं लिहिणार?

बालाघाटी: ताई, तो वेगळा विषय झाला.

जुना मास्तर: वेगळा नाही. तिच्यापुढे शून्य लिहिलं की लॉग निघत नाही, ओळच गळते. कमी शिकलेल्या, कमी मजुरीच्या बायका अशा गळाल्या तर त्या टोकाला बायकांची सरासरी उगाच वर जाते आणि शिक्षणाचा चढ कमी दिसतो.

बालाघाटी: आमच्या गल्लीत डी.एड. झालेल्या सुना घरीच आहेत. चांगली नोकरी लागली तीच बाहेर पडते. मग चढ फुगतही असेल की!

जुना मास्तर: हे मात्र पटलं. घरी असलेल्या बायकांची नोंद आहे का फाइलमध्ये?

नांदेडची विद्यार्थिनी: नाही, फक्त मजुरी मिळणाऱ्यांची.

जुना मास्तर: मग चूक कोणत्या बाजूला झुकते, ते यातून ठरणार नाही.

केजची लेक: आणि कोयत्याची अर्धी मजुरी आईच्या नावे धरली तर?

जुना मास्तर: तर त्या घरातली तफावत आपणच आपल्या हाताने शून्य लिहिली.