प्रसूती रजा संपत आली आणि बाळ सांभाळायला कोणी नाही : बिनपगारी रजा मागावी का?

तापीकाठ, जळगाव
एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात अकाउंट्सला आहे. साठ-सत्तर माणसं आहेत, पगार २४ हजार. २६ आठवड्यांची रजा येत्या १२ तारखेला संपते. चोपड्याहून सासूबाई येऊन बाळाला सांभाळणार होत्या. परवा त्या ओट्यावरून पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. माहेरी आई नाही. दोन महिने बिनपगारी मागावेत असं मनात आहे. मिस्टर म्हणतात, मागितलंस तर नोकरीच जाईल.

धुळेकर भाऊ
ताई, कसाले घाबरस? २६ आठवडे झाले की वर आणखी एक महिना कायद्यातच आहे. हक्कानं मागा, कंपनीला नाही म्हणता येत नाही. आमच्या वहिनींनी घेतला होता.

जुना टाइमकीपर
भाऊ, महिना आहे हे खरं, पण तो सगळ्यांना नाही. गरोदरपणामुळे किंवा बाळंतपणामुळे आईला आजारपण आलं, बाळ अपुऱ्या दिवसांचं झालं, अशा कारणांसाठी तो आहे. डॉक्टरांचा दाखला लागतो आणि तो महिना भरपगारी असतो. वहिनींचं असंच काहीतरी असणार. सासूबाईंचा खुबा त्यात बसत नाही.

ताई, १२ तारखेपर्यंत तुम्हाला कायद्याचं कवच आहे. रजेवर आहात म्हणून त्या काळात कोणी काढू शकत नाही. १३ तारखेपासून पुढची रजा ही मालकाच्या मंजुरीची. मागितल्यानं नोकरी जात नाही. न विचारता, किंवा नुसतं तोंडी विचारून घरी राहिल्यानं जाते. स्थायी आदेश लागू असलेल्या बऱ्याच कारखान्यांत मंजूर रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर झालं नाही, तर जागेवरचा हक्क जाऊ शकतो. एका चटईच्या कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सुपरवायझर फोनवर "राहा थोडे दिवस" म्हणाला, पोरगी राहिली. पुढे सुपरवायझर दुसरीकडे गेला आणि तिच्या घरी "विनापरवाना गैरहजर" अशी नोटीस आली. तिच्याकडे दाखवायला एक ओळ नव्हती.

शहाद्याची बाई
आमच्याकडे बालसंगोपन रजा १८० दिवसांची आहे, २०१८ पासून. मी प्रसूती रजेला जोडून घेतली, मुख्याध्यापकांनी काही खळखळ केली नाही. तुम्हीही तोच अर्ज करा ना.

तापीकाठ, जळगाव
बाई, ती जिल्हा परिषदेला. आमची खासगी कंपनी आहे, असं काही नाही.

भुसावळचा कारखानदार
मालकाच्या बाजूनं बोलतो, राग मानू नका. दोन महिने जास्त होतात. तुमचं काम सहा महिने दुसरं कोणीतरी ओढतंय. जीएसटीची ११ आणि २० तारीख कोणासाठी थांबत नाही. मला कोणी चार आठवडे मागितले आणि "अमुक सोमवारी हजर होते" असं लिहून दिलं, तर मी सही करीन. "सासूबाई बऱ्या होईपर्यंत" असं लिहिलं तर नाही करणार, कारण ती तारीखच नाही.

यावलची सून
तुमच्याच बोलण्यातून सांगते. खुब्याच्या ऑपरेशननंतर म्हातारं माणूस कित्येक आठवडे वॉकरवर असतं. सात-आठ महिन्यांचं बाळ रांगायला लागतं, त्याच्यामागे वाकायचं, उचलून घ्यायचं. चार आठवड्यांनी ते जमणार नाही आणि दोन महिन्यांनीही नाही. ताई, सासूबाई उठतील या हिशोबानं रजा मागू नका. तशी मागितली तर परत मुदत वाढवून मागावी लागेल आणि दुसऱ्यांदा कोणी देत नाही. दुसरी बाई शोधायला, तिला बाळाची सवय व्हायला किती दिवस लागतील, तेवढे मागा. मी बाई ठेवली तेव्हा पहिला पंधरवडा ती आणि मी दोघी घरात होतो. त्याशिवाय बाळ तिच्याकडे गेलंच नाही.

जुना टाइमकीपर
हे पटलं. मी असं करीन. हक्काची रजा किती शिल्लक आहे ते आधी पगारपत्रकावर बघा. समजा १२ दिवस आहेत. ते आधी लावायचे, म्हणजे तेवढ्या दिवसांचा पगार बुडत नाही. त्यापुढे चार आठवडे बिनपगारी. दोन महिने बिनपगारी घेतले तर ४८ हजार गेले. शिवाय पगार नाही म्हणजे पीएफमध्ये तुमचा आणि कंपनीचा, दोन्ही हप्ते नाहीत. मेडिक्लेमचा तुमचा हिस्सा पगारातून कापला जात असेल, तर त्या महिन्यात तो कसा भरायचा ते विचारून घ्या, नाहीतर बाळाच्या आजारपणात कळेल. ग्रॅच्युइटीची काळजी नको, मंजूर रजेनं सेवा तुटत नाही.

अर्ज छोटा ठेवा : "माझी प्रसूती रजा १२ तारखेला संपत आहे. बाळाला सांभाळणाऱ्या माझ्या सासूबाईंचे ऑपरेशन झाल्याने दुसरी व्यवस्था करण्यासाठी १३ तारखेपासून १२ दिवस हक्काची रजा आणि त्यानंतर चार आठवडे बिनपगारी रजा मंजूर करावी. अमुक तारखेला मी कामावर हजर होईन." ऑपरेशनचा कागद जोडा. ईमेल करा आणि हातानेही द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. आणि आजच द्या, ११ तारखेला नको.

भुसावळचा कारखानदार
त्यात "११ आणि २० च्या रिटर्नला घरून मदत करीन" एवढं टाका. लगेच मंजूर होईल.

यावलची सून
अजिबात टाकू नका! बिनपगारी म्हणजे बिनपगारी. मांडीवर बाळ, समोर लॅपटॉप आणि महिन्याअखेर हातात शून्य. मदत हवी असेल तर त्या दिवसांचा पगार द्या. घरून काम करण्याची सोयही कायद्यात आहे, काम तसं असेल आणि दोघांचं ठरलं तर. अकाउंट्सचं काम तसं आहेच. मग आठवड्यातले दोन दिवस घरून, पगारासह, असं मागा.

धुळेकर भाऊ
आणि पाळणाघराचं काय? पन्नासच्या वर माणसं असली तर कंपनीला पाळणाघर द्यावं लागतं ना?

जुना टाइमकीपर
यात भाऊ पूर्ण बरोबर. २०१७ च्या दुरुस्तीनं ते आलं, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. दिवसातून चार वेळा आईला तिथे जाता येतं. बाळ १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन सुट्ट्या वेगळ्या. गावातल्या किती कारखान्यांनी ते केलंय, ते सगळ्यांना माहीत आहे.

भुसावळचा कारखानदार
खरं आहे, पण हे अर्जात लिहिलंत तर मालकाला धमकी वाटेल. मंजुरी मागताना कायदा दाखवू नये. आधी रजा पदरात पाडून घ्या.

यावलची सून
आणि मग कधी विचारायचं? परतल्यावर तर तिचा सूरच बदलेल, उपकार झाला म्हणून. बाळ दुचाकीवर बांधून मे महिन्याच्या उन्हात दुसरीकडे सोडायला जायचं, त्यापेक्षा आताच विचारावं. धमकी कशाची? "कंपनीत पाळणाघराची काय सोय आहे?" एवढंच वेगळ्या ईमेलमध्ये.

जुना टाइमकीपर
वेगळ्या ईमेलमध्ये चालेल. पण मी असतो तर रजेचं मंजुरीपत्र हातात आल्यावर पाठवला असता.

यावलची सून
मी त्याच दिवशी पाठवला असता.

तापीकाठ, जळगाव
हक्काची रजा नऊ दिवस निघाली. अर्ज आज टाइप केला, परतीची तारीख घातली, रिटर्नची ओळ नाही घातली. उद्या सकाळी मिस्टर शिक्का घेऊन येतील. पाळणाघराचं आज रात्री ठरवते. शिव कॉलनी किंवा पिंप्राळ्याकडे कोणाला बाळाची सवय असलेली बाई माहीत असेल तर सांगा.