दोन दिवसांचा आरएसआय: स्टॉपलॉस लावायचा की नाही?

कागदी_घोडा
नियम असा ठरवलाय. इंडेक्सचा ईटीएफ २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असताना २ दिवसांचा आरएसआय १० च्या खाली बंद झाला, की त्याच बंद भावाला खरेदी. बंद भाव ५ दिवसांच्या सरासरीच्या वर गेला की विक्री. स्टॉपलॉस नाही. बॅकटेस्टमध्ये स्टॉपलॉस घातला की निकाल बिघडतो, आणि काढला तर खरे पैसे लावायला हात धजावत नाही. काय करावं?

मागचा_बाक
बॅकटेस्ट खरं बोलतेय. का ते फेब्रुवारी २०२० वर बघा, एस अँड पी ५०० चे बंद भाव घेऊन. १९ तारखेला ३३८६ चा उच्चांक, मग ३३७३, ३३३८, आणि सोमवारी २४ तारखेला एकदम ३२२६. आरएसआय २ च्या आसपास. २०० दिवसांची सरासरी तेव्हा साधारण ३०५० ला, म्हणजे गाळणी पार. तुमच्या नियमाने ३२२६ ला खरेदी झाली.

पुढचे बंद भाव ३१२८, ३११६, २९७९, २९५४. आता ५ टक्क्यांचा स्टॉपलॉस, बंद भावावर तपासायचा असं धरू. त्याची पातळी ३०६५. ती २७ तारखेला तुटली, पण त्या दिवशीचा बंद २९७९. म्हणजे ५ टक्के म्हणून लावलेला स्टॉपलॉस तुम्हाला ७.७ टक्के तोट्यात बाहेर काढतो. स्टॉपलॉस नसता तर? २ मार्चला बंद ३०९०, ५ दिवसांची सरासरी ३०५४, नियमाने विक्री, तोटा ४.२ टक्के.

कारण साधं आहे. भाव जितका खाली ताणला जाईल तितकी उसळीची शक्यता जास्त, या एकाच गृहीतकावर हा नियम उभा आहे. स्टॉपलॉस बरोबर त्याच ठिकाणी विकायला लावतो. एकाच भावाला एक नियम खरेदी कर म्हणतो आणि दुसरा विक म्हणतो.

आधी_मुद्दल
उदाहरण बरं निवडलंत. २ मार्चला एका दिवसात साडेचार टक्क्यांची उसळी आली म्हणून ४.२ वर सुटका झाली. ती आली नसती तर? २८ तारखेच्या बंद भावाला तोटा ८.४ टक्के होता आणि खाली किती जाणार हे कुणाला माहीत नव्हतं.

या पद्धतीचं गणित मुळातच एकांगी आहे. नफा अर्ध्या-पाऊण टक्क्याचे, पुष्कळ वेळा. तोटा क्वचित, पण एकच चार-आठ टक्क्यांचा. पाऊण टक्क्याने धरलं तरी ४.२ चा एक तोटा भरून काढायला सलग सहा नफे लागतात. दहापैकी सात-आठ सौदे जिंकतात हे बघून माणूस भुलतो. आणि बॅकटेस्टमध्ये न आलेली पडझड बॅकटेस्टला दिसत नाही. १९ ऑक्टोबर १९८७ ला हाच इंडेक्स एका दिवसात २० टक्के पडला होता.

मागचा_बाक
१९८७ चं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. तोटा एका दिवसात झाला, तर बंद भावावरचा स्टॉपलॉस तो झाल्यावर जागा होतो. बाजार चालू असताना लागणारा स्टॉपलॉस लावलात, तरी भाव उघडतानाच पातळीखाली असला तर मिळेल त्या भावाला विक्री. स्टॉपलॉस हळूहळू घसरणाऱ्या बाजारात वाचवतो, आणि तिथे २०० दिवसांची गाळणी आधीच काम करत असते.

दोनच_दिवस
मुळात २४ तारखेची खरेदीच चुकीची मोजलीय. सलग दोन दिवस भाव खाली बंद झाला की २ दिवसांचा आरएसआय शून्य होतो. २० आणि २१ दोन्ही दिवस घसरण होती. म्हणजे खरेदी २१ तारखेला ३३३८ ला झाली आणि तोटा ७.४ टक्के झाला. ४.२ नाही.

मागचा_बाक
अर्धं बरोबर आहे तुमचं. साधी सरासरी घेऊन काढलेला आरएसआय २१ ला शून्यच येतो. पण मूळचा, १९७८ चा वाइल्डर यांचा आरएसआय आधीची सरासरी पुढे ओढत नेतो. २ दिवसांसाठी दर दिवशी आजच्या बदलाला अर्धं वजन आणि कालपर्यंतच्या सरासरीला अर्धं. म्हणून १९ तारखेची १६ अंकांची वाढ २१ लाही थोडी शिल्लक राहते आणि आरएसआय १० च्या अगदी उंबरठ्यावर येतो. सुरुवातीचा डेटा कुठून घेतला यावरसुद्धा तो अलीकडे-पलीकडे होईल. २४ ला मात्र शंकेला जागा नाही.

```python
d  = c.diff()
up = d.clip(lower=0).ewm(alpha=1/2, adjust=False).mean()
dn = (-d).clip(lower=0).ewm(alpha=1/2, adjust=False).mean()
rsi = 100 * up / (up + dn)
```

`ewm` च्या जागी `rolling(2)` टाकलंत की दुसराच नियम तयार होतो, जरा मोठी दोन दिवसांची घसरण आणि किरकोळ दोन दिवसांची घसरण यांत काही फरकच न करणारा. चार्टवरचा आकडा आणि तुमच्या कोडचा आकडा जुळत नसेल तर पहिली शंका इथेच घ्या. कागदी_घोडा, तुमच्या कोडात काय आहे?

कागदी_घोडा
तपासलं. `rolling` आहे. म्हणूनच सौदे अंदाजापेक्षा खूप जास्त दिसत होते. बदलून पुन्हा चालवतो.

महिन्याचा_हप्ता
माझा दरमहा हप्ता इंडेक्स फंडात जातो. तो ठरल्या तारखेऐवजी आरएसआय १० खाली गेला की भरला तर परतावा वाढेल का? आणि ५ दिवसांच्या सरासरीला फंडातून काढून घ्यायचे का?

आधी_मुद्दल
दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय. इथे चर्चा काही दिवसांच्या सौद्याची आहे. साध्या इंडेक्स फंडात तुम्ही सूचना द्याल तेव्हा त्या दिवसाचा बंद भाव ठरलेला नसतो, आणि बंद झाल्यावर आरएसआय बघून दिली तर दुसऱ्या दिवसाची एनएव्ही मिळते. उसळीचा पहिला दिवसच हातचा जातो, आणि या पद्धतीत बराचसा नफा त्या पहिल्या एक-दोन दिवसांतच असतो. शिवाय लवकर काढल्यास बरेच फंड शुल्क लावतात. हप्ता चालू द्या. ही पद्धत ईटीएफवरच करायची.

मागचा_बाक
यावर आमचं एकमत, नोंद घ्यावी :)

तेरा_तारीख
स्टॉपलॉसवर भांडताय, पण बाहेर पडण्याच्या नियमाची खरी परीक्षा मार्चमध्ये आहे. ९ मार्च २०२०, बंद २७४६.५६, आरएसआय ७ च्या आसपास. भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या बराच खाली, त्यामुळे तुमच्या नियमाने खरेदी नाही. पण आरएसआय एवढा खाली असताना गाळणी कशाला, असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांच्यासाठी हा सौदा शेवटपर्यंत लिहितो.

१० तारखेला २८८२, मग २७४१, मग २४८१. शुक्रवारी १३ तारखेला ९ टक्क्यांहून जास्त उसळी, बंद २७११.०२. आता ५ दिवसांची सरासरी काढा: २७१२.३७. एक पूर्णांक पस्तीस अंकांनी विक्री हुकली. आरएसआयही ५७ च्या आसपास, म्हणजे ६५ किंवा ७० ला विकणाराही आतच. सोमवारी बंद २३८६, एका दिवसात १२ टक्के खाली. सरासरीचा नियम शेवटी २४ तारखेला २४४७ ला सोडवतो, तोटा १०.९ टक्के.

त्यात १३ तारखेच्या उसळीचा मोठा वाटा शेवटच्या अर्ध्या तासातला. बंद भावाला विकायचं तर निर्णय दहा-पंधरा मिनिटं आधी घ्यावा लागतो. तेव्हा सरासरी आणि भाव कुठे असतील हे कळायला मार्ग नव्हता. बॅकटेस्टमध्ये "त्याच बंद भावाला" असं लिहिणं सोपं असतं.

आणि काही जण स्टॉपलॉसऐवजी दिवसांची मर्यादा घालतात. इथे १० दिवसांची घातली असती तर दहावा दिवस २३ मार्च, बंद २२३७. संपूर्ण पडझडीचा तळ. तोटा १८.५ टक्के. ५ दिवसांची मर्यादा घातली असती तर १३.१.

आधी_मुद्दल
म्हणजे स्टॉपलॉस नको, दिवसांची मर्यादा नको, सरासरीचा नियम एका अंकाने हुकतो. मग उरलं काय?

मागचा_बाक
रक्कम. बाकी सगळं बाजार ठरवतो, रक्कम तेवढी तुम्ही. एका सौद्यात भांडवलाचे जास्तीत जास्त ३ टक्के जाऊ द्यायचे आणि १९८७ सारखी २० टक्क्यांची पडझड गृहीत धरायची, तर ३ भागिले २०, म्हणजे भांडवलाच्या १५ टक्क्यांचाच सौदा. फेब्रुवारीचा ४.२ टक्के तोटा मग एकूण भांडवलाच्या ०.६ टक्के होतो. झोप लागते.

आधी_मुद्दल
आणि अर्ध्या टक्क्याचा नफा एकूण भांडवलाच्या ०.०७५ टक्के होतो. जाण्यायेण्याचा खर्च सौद्याच्या ०.१ टक्का धरला, तर नफ्याचा पाचवा हिस्सा त्यातच गेला. एवढ्यासाठी रोज बाजार बंद व्हायच्या आधी स्क्रीनसमोर बसायचं? त्यापेक्षा १०-१२ टक्क्यांवर दूरचा स्टॉपलॉस ठेवून सौदा दुप्पट करा. तो क्वचित लागेल, नियमाच्या आड फारसा येणार नाही.

मागचा_बाक
दूरचा स्टॉपलॉस क्वचित लागतो हे मान्य. पण तो लागतो त्या दिवशीच भाव त्याच्यावरून उडी मारून खाली उघडतो. त्याच्या भरवशावर रक्कम दुप्पट केलीत तर संरक्षण कागदावर आणि दुप्पट धोका खरा.

तेरा_तारीख
दोघांनाही एक प्रश्न. इंडेक्स पडल्यावर उसळतो हे कायमचं धरून का चालताय? १९६०-७० च्या दशकांत याच इंडेक्सचा स्वभाव उलटा होता, आज पडला तर उद्याही पडण्याकडे कल. तेव्हा हा नियम चालला नसता, रक्कम १५ टक्के ठेवा की ३०. स्वभाव पुन्हा बदलला तर कळणार कसं?

आधी_मुद्दल
खरेदीनंतरच्या पहिल्या दिवसाचा बदल प्रत्येक सौद्यात वेगळा लिहून ठेवा. शेवटच्या ३०-४० सौद्यांची त्याची सरासरी शून्याखाली गेली तर थांबा. एकूण नफा बघत बसलात तर उशिरा कळेल, कारण दोन मोठ्या उसळ्या सगळं झाकतात.

तेरा_तारीख
३०-४० सौदे म्हणजे तीन-चार वर्षं सहज. तोवर स्वभाव दोनदा बदलेल.

कागदी_घोडा
`ewm` ने पुन्हा चालवलं. सौदे बरेच कमी झाले, प्रति सौदा नफा थोडा वाढला, फेब्रुवारी २०२० चा तोटा ७.४ वरून ४.२ झाला. स्टॉपलॉस घातला की निकाल अजूनही बिघडतोच. सध्या १५ टक्के रकमेने, स्टॉपलॉसशिवाय चालू करतोय, आणि पहिल्या दिवसाचा रकाना वहीत वेगळा आखलाय.

आधी_मुद्दल
बंद भावाला खरेदी जमली नाही तर दुसऱ्या दिवशी उघडताना घेणार का, ते आजच ठरवून ठेवा. तो तिसरा वेगळा नियम आहे, आणि त्याची बॅकटेस्ट तुम्ही अजून केलेली नाही.