मदत हवी आहे: मंजूर झालेल्या इतिवृत्तातली प्रायोजकाची नोंद कशी दुरुस्त करावी?

नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाची मी यंदा सचिव आहे. जूनच्या कार्यकारिणी बैठकीत गणेशोत्सवाचं ९,००० डॉलरचं अंदाजपत्रक मंजूर झालं. जमेच्या बाजूला तिकिटांचे ४,०००, वर्गणीचे ३,००० आणि एका प्रायोजकाचे २,०००. इतिवृत्तात मी लिहिलं, "प्रायोजकाकडून २,००० डॉलर निश्चित." प्रत्यक्षात अध्यक्षांचं त्यांच्याशी फोनवर बोलणं झालं होतं, एवढंच. लेखी काहीच नव्हतं.

आता प्रायोजक म्हणतात, रक्कम वर्षभराची होती. गणपतीला १,००० आणि दिवाळीला १,०००. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, मीच "कशासाठी, कधी, कोणाला कळवलं" हे लिहायला हवं होतं. पण हॉलची अनामत भरून झाली आहे आणि हजाराचा खड्डा समोर आहे.

खजिनदार म्हणतात, जूनच्या इतिवृत्तात आकडा बदलून टाका. मला ते पटत नाही. जुलैच्या बैठकीत ते वाचून कायम झालंय, सभासदांना पाठवलंही आहे. माझ्या मते मूळ मजकूर तसाच ठेवून पुढच्या बैठकीत दुरुस्तीचा ठराव घ्यावा, सूचक-अनुमोदकांसह, आणि सुधारित अंदाजपत्रक त्याच ठरावात मंजूर करावं.

तुमच्या मंडळात असं झालंय का? ठरावाचा मसुदा कसा केलात? आणि प्रायोजकाचं तोंडी आश्वासन, लेखी होकार आणि जमा झालेला चेक या तिन्ही गोष्टी इतिवृत्तात वेगळ्या कशा दाखवता? बैठक येत्या रविवारी आहे.