बरोबर उत्तर, पण साखळीतला एक दुवा गायब

"आदरणीय सर, लॉजिस्टिक रिग्रेशनच्या ग्रेडियंटचे माझे अंतिम उत्तर (p − y)x बरोबर असूनही ५ पैकी २ गुण का कमी झाले, हे कृपया समजावून सांगाल का? उत्तराची प्रत जोडली आहे."

सरांना पाठवायचा आपला हा मसुदा आणि सोबतची प्रत पाहून एक मुद्दा जोडतो. L = −[y ln p + (1 − y) ln(1 − p)] याचे p च्या सापेक्ष अवकलज आपण (p − y)/(p(1 − p)) असे अचूक काढले आहे; मात्र पुढच्याच ओळीत त्याला थेट x ने गुणले असून, p = σ(z) या सिग्मॉइडचे अवकलज p(1 − p) कोठेही लिहिलेले नाही, त्यामुळे छेद कशाने गेला हे परीक्षकाला दिसत नाही. y = 1 आणि p = 0.8 घेऊन पाहा: पहिला गुणक −1.25 येतो, आणि त्याला 0.16 ने गुणल्यावरच −0.2, म्हणजे p − y, मिळतो. आपल्या ओळींप्रमाणे उत्तर −1.25x यायला हवे होते. पाठ केलेले सूत्र शेवटी चिकटवले, असाच याचा अर्थ लागतो (विद्यार्थिदशेत मीही हे केले आहे). तेव्हा 'उत्तर बरोबर असूनही' याऐवजी 'dp/dz ची पायरी न दाखवल्यामुळे गुण गेले का' असे विचारल्यास सरांना नेमके उत्तर देता येईल.