मदत हवी आहे: बाबांची चप्पल निसटते, त्यांना कळतच नाही

बाबांना वीस वर्षांपासून शुगर आहे. हल्ली चालताना चप्पल पायातून निसटते आणि ते तसेच पुढे जातात. काल त्यांना डोळे मिटायला सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळीच्या टोकाला सेकंदभर हलकेच बोट टेकवलं. सहापैकी तीन ठिकाणी कळलं नाही. दोन ठिकाणी नाही कळलं तरी संवेदना कमी झाली असं धरतात, म्हणून या आठवड्यात डॉक्टरांकडे मोनोफिलामेंटची, म्हणजे बारीक नायलॉनचा धागा पायाला टेकवून संवेदना बघायची तपासणी करून घेतोय.

रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या मी बघते. पण घरात अनवाणी फिरणं आणि गार पडलेले पाय गरम पिशवीने शेकणं ते सोडत नाहीत. भाजलं तरी कळणार नाही, याचीच धास्ती वाटते. मागे पट्टा असलेली, मऊ रबराच्या तळाची एमसीआर चप्पल घरात कुणी वापरतं का? बोटं जरा वाकडी झाली असतील तर माप कसं द्यायचं?