प्रतिसाद: १४ इंची लॅपटॉप, पण १६:१० वाला

> रोज चिपळूण-रत्नागिरी जा-ये, कधी ट्रेन, कधी एसटी. काम मुख्यतः एक्सेलचं. १५.६ इंच घेऊ की १४?

१४ घ्या, पण स्क्रीनच्या रुंदी-उंचीचं प्रमाण १६:१० आहे ना ते आधी बघा. नेहमीची १५.६ इंची (१६:९) स्क्रीन साधारण ३४.५ सेंमी रुंद आणि १९.४ उंच असते. १४ इंची १६:१० ची रुंदी ३०.२, उंची १८.८. म्हणजे उंचीत जेमतेम अर्धा सेंमी जातो, खरी कपात रुंदीत. आणि एसटीत शेजाऱ्याचं कोपर लागतं ते रुंदीतच.

एक्सेलचं म्हणाल तर १९२०×१२०० वर, स्केलिंग सारखंच ठेवलंत तर कॉलम १५.६ च्या फुल एचडीइतकेच दिसतात, ओळी उलट जास्त. अक्षर मात्र आठवा हिस्सा बारीक होतं. म्हणून दुकानात तुमचीच शीट १०० आणि १२५ टक्क्यांवर उघडून बघा. १२५ शिवाय वाचता येत नसेल तर कॉलम कमी होणार, हे धरून चाला.

वजन चार्जरसकट करा, कारण खांद्यावर दोन्ही येतात. टाइप-सी वर चार्ज होणारा घेतलात तर छोटा ६५ वॅटचा चार्जर पुरतो. पावसाळ्यात छत्री, डबा आणि बॅगेचं रेनकव्हर यांची त्यात भर पडतेच.